समृद्धीच्या कडेचे रबरी पट्टे : टायर रस्त्यावर फुटतो, पण मरतो आधीच

नागपूर : हिंगणा तालुक्यातल्या शिवमडका गावाजवळून समृद्धी महामार्ग सुरू होतो. वर्धेच्या दिशेनं थोडं पुढं गेलं की रस्त्याच्या कडेला काळे रबरी पट्टे पडलेले दिसतात. कुठं हातभर तुकडा, कुठं अख्ख्या टायरची साल. कारवाला ते चुकवायला एकदम स्टेअरिंग फिरवतो, आणि त्या वेगात तेवढंही पुरेसं होतं.

असा पट्टा दिसला की दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं, "रिमोल्डचा माल, निघणारच." दुसरं, "ऊनच एवढं आहे, टायर फुटणार नाही तर काय." मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात जातो, त्यामुळं दुसरं वाक्य सगळ्यांना पटतं. पण दोन्ही वाक्यं अर्धीच खरी आहेत. उरलेलं अर्धं समजलं नाही, तर नवा टायर घेऊन आणि रात्री गाडी चालवूनही टायर फुटायचा थांबत नाही.

११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाला आणि पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता वाहतुकीला मिळाला. काटोल-नरखेडचा संत्रा, बुटीबोरीचा कारखान्यातला माल, पुण्या-मुंबईला कामाला गेलेली आपली पोरं, सगळं आता याच रस्त्यानं जातं. त्यामुळं ट्रक आणि ट्रॅव्हल्सच्या टायरचा विषय फक्त गाडीमालकाचा राहिलेला नाही.

उष्णता बाहेरून कमी, आतून जास्त

चालता टायर तापतो तो मुख्यतः स्वतःमुळं. भरलेल्या ट्रकचा टायर जिथं रस्त्याला टेकतो तिथं तो थोडा चपटा होतो. चाक फिरलं की तो भाग वर जाऊन पुन्हा गोल होतो आणि दुसरा भाग दबतो. लोखंडी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की ती जागा हाताला गरम लागते. टायरच्या आतलं रबर, कापड आणि पोलादी तारा यांचं हेच होतं.

ट्रकच्या मोठ्या टायरचा एक फेरा साधारण सव्वातीन मीटरचा असतो. ताशी ८० च्या वेगानं गाडी चालली तर टायर सेकंदाला सात वेळा दबतो आणि उठतो. नागपूर ते शिर्डी एवढ्या प्रवासात एकच जागा दीड लाखाहून जास्त वेळा वाकते. प्रत्येक वेळी थोडी उष्णता तयार होते. रबर उष्णता लवकर बाहेर सोडत नाही, म्हणून ती आत साठत जाते. सगळ्यात जास्त साठते ती खांद्याजवळ, म्हणजे नक्षीची कड आणि टायरची बाजू जिथं मिळतात तिथं. तिथं रबर सगळ्यात जाड असतं आणि आतल्या पोलादी पट्ट्यांची टोकंही तिथंच येतात.

किती उष्णता तयार होणार हे तीन गोष्टींवर ठरतं. टायर किती दबतो, किती वेगानं दबतो आणि किती वेळ न थांबता दबतो. हवा कमी असली की तो जास्त दबतो. वजन जास्त असलं तरीही जास्त दबतो. वेग आणि अंतर महामार्ग देतो. ऊन आणि तापलेला रस्ता यात भर घालतात, कारण बाहेर थंडावा नसला तर आतली उष्णता निघायला वाट राहत नाही. पण ऊन ही भर आहे, मूळ नाही. हवा बरोबर आणि वजन बेतात असलेला चांगला टायर मे महिन्यातही धावतो. हवा कमी आणि वजन जास्त असलेला टायर डिसेंबरच्या रात्रीही फुटतो.

आतली उष्णता १२० अंशांच्या आसपास गेली की रबर आणि पोलादी तारांची एकमेकांवरची पकड सुटू लागते. ती एकदा सुटली की थंड झाल्यावर परत बसत नाही. त्या दिवशी टायर फुटला नाही, तर तो अधू होऊन पुढं चालत राहतो. महिन्यानंतर वेगळ्याच गावाजवळ, कधी वेगळ्याच ड्रायव्हरच्या हातात, तो जातो.

गरम टायरची हवा काढण्याची चूक

उन्हाळ्यात धाब्यावर, पेट्रोल पंपावर एक गोष्ट नेहमी दिसते. ड्रायव्हर उतरतो, टायरला हात लावतो, चटका बसतो. "हवा फुगली आहे, थोडी काढून दे," असं तो पंक्चरवाल्याला सांगतो. हेतू चांगला असतो, पण याच सवयीनं टायर मरतो.

हिशेब साधा आहे. समजा पहाटे ३० अंश तापमानात टायरमध्ये १२० पौंड हवा भरली. दुपारी धावून धावून आतली हवा ७५ अंशांवर गेली. तेव्हा मीटर १४० च्या आसपास दाखवणार. ही वाढ स्वाभाविक आहे आणि टायर बनवणाऱ्यानं ती धरूनच टायर बनवलेला असतो. आता ड्रायव्हरनं २० पौंड हवा काढली आणि मीटर पुन्हा १२० वर आणला. त्याला वाटतं, काम झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे टायर थंड झाल्यावर त्यात उरलेले असतात जेमतेम १०३ पौंड.

म्हणजे त्याच वजनाला आता १७ पौंड कमी हवा आहे. टायर जास्त दबणार, जास्त तापणार. दुपारी मीटर पुन्हा चढलेला दिसला तर आणखी हवा काढली जाणार. दोन-तीन फेऱ्यांत टायर आतून शिजतो. बाहेरून नक्षी मात्र नवीकोरी दिसते.

टायरच्या धंद्यातला एक नियम इथं लक्षात ठेवण्यासारखा आहे. ठरलेल्या हवेच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर जो ट्रकचा टायर चालला, तो हवेविना चालल्यासारखाच धरायचा. १२० पौंडाच्या टायरला ही रेघ येते ९६ पौंडांवर. अशा टायरच्या बाजूतल्या पोलादी तारा आतल्या आत तुटायला लागलेल्या असू शकतात. मग हवा भरतानाच बाजू चेन उघडावी तशी फाटते आणि समोर बसलेल्या पंक्चरवाल्याच्या जिवावर बेतते. म्हणून कमी हवेवर धावलेल्या टायरमध्ये गुपचूप हवा भरून पुढं निघू नये. तो उतरवून आतून तपासायचा, आणि हवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरायची.

म्हणून हवा मोजायची ती गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना. वाटेत टायर फार तापला तर सावलीत गाडी उभी करायची, टायर आपोआप निवू द्यायचा. हवा काढायची नाही आणि तापलेल्या टायरवर गार पाणीही ओतायचं नाही.

कागदावरचं वजन आणि टायरवरचं वजन

१६ जुलै २०१८ ला केंद्र सरकारनं मालगाड्यांची वजनमर्यादा वाढवली. मागं चार टायर असलेल्या एका अॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. सहाचाकी ट्रकचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन झालं. गाडीमालक खूश झाले, आणि ते साहजिक होतं. पण कागदावरची मर्यादा वाढली म्हणून ट्रकखाली आधीपासून लागलेल्या टायरची ताकद वाढत नाही.

हे कुणालाही स्वतः तपासता येतं. टायरच्या बाजूवर मापाच्या पुढं १४६/१४३ असे आकडे आणि एक इंग्रजी अक्षर कोरलेलं असतं. पहिला आकडा टायर एकटा लावला तर किती वजन पेलेल याचा, दुसरा जोडीनं लावला तर किती याचा. १४६ म्हणजे ३,००० किलो. १४३ म्हणजे २,७२५ किलो. अक्षर वेगाचं असतं. 'जे' म्हणजे ताशी १००, 'के' म्हणजे ११०, 'एल' म्हणजे १२०.

आता एक काल्पनिक पण रोजच्या पाहण्यातला सहाचाकी ट्रक घेऊ. काटोलच्या बाजारातून संत्रा भरून तो मुंबईला निघाला आहे. मागं चार टायर आहेत आणि चौघांवर १४६/१४३ लिहिलं आहे. जोडीतल्या एका टायरला २,७२५ किलो, म्हणजे चौघांना मिळून १०,९०० किलो. कायदा मागच्या अॅक्सलला ११,५०० किलो भरू देतो. म्हणजे कागदात एक किलोही जादा नसताना चारही टायरवर दीडदीडशे किलो जास्त आले. जास्त ताकदीचे, १४९/१४६ चे टायर बाजारात मिळतात. त्यांत चौघांची ताकद १२,००० किलो होते आणि मग कायदा व टायर यांचा मेळ बसतो. पण जुन्या ट्रकवर जुनाच टायर असेल, किंवा बदलताना स्वस्त पडला म्हणून कमी आकड्याचा टायर आणला असेल, तर हा फरक राहतोच.

आता भाडं टनावर ठरलं आहे. "दोन टन जास्त टाक ना भाऊ, जागा आहे," असं व्यापारी म्हणतो. एका क्रेटमध्ये २० किलो धरले तर हे शंभर क्रेट झाले. ते मागच्या बाजूला चढतात. मागचं वजन होतं साडेतेरा टन, म्हणजे दर टायरला ३,३७५ किलो. टायरच्या ताकदीपेक्षा हे जवळपास पाव हिस्सा जास्त आहे.

खरा घात यापुढं आहे. मागच्या जोडीतला आतला टायर बाहेरून दिसत नाही. त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात नीट पोहोचत नाही, म्हणून हवा भरताना तो अनेकदा सुटतो. त्यात बारीक खिळा घुसला आणि हवा हळूहळू ८५ पौंडांवर आली, तरी गाडी झुकत नाही, कारण शेजारचा टायर भार उचलून धरतो. त्या बिचाऱ्यावर मग स्वतःचा आणि जोडीदाराचा मिळून चार टनांपर्यंत भार येऊ शकतो. आतला हवा कमी म्हणून तापतो, बाहेरचा वजन जास्त म्हणून तापतो, आणि दोघं एकमेकांना खेटून असल्यानं वाराही मिळत नाही. वाटेत कुठं तरी एक जातो. पाच-दहा मिनिटांत दुसराही जातो. ड्रायव्हर सांगतो, "दोन्ही टायर अचानक गेले." अचानक काहीच गेलेलं नसतं, पहाटे काटोलमध्येच ते जायला सुरुवात झालेली असते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. वरच्या ट्रकला तो २४ हजार पडेल, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च. पण रोज कुणी पकडत नाही, आणि दोन टनांचं भाडं रोज दिसतं. टायरचं नुकसान त्या दिवसाच्या हिशेबात दिसत नाही, म्हणून ते कुणी धरत नाही.

रिमोल्ड वाईट नाही, केसिंग वाईट असतं

रिमोल्डचं नाव आपल्याकडं फारच बदनाम आहे. पण आपली एसटी वर्षानुवर्षं रिमोल्ड टायरवर धावते. महामंडळाचे स्वतःचे टायर पुनर्स्तरणाचे कारखाने आहेत. विमानांचे टायरसुद्धा रिमोल्ड होतात. चांगला रिमोल्ड नव्या टायरच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पडतो, म्हणून छोट्या मालकाचा धंदा त्याच्यावरच टिकतो.

रिमोल्डमध्ये बदलते ती फक्त वरची नक्षी. आतला सांगाडा, ज्याला दुकानदार केसिंग म्हणतात, तो जुनाच राहतो. थंड पद्धतीत आधी केसिंग आतून-बाहेरून प्रकाशात तपासतात. मग मशीनवर जुनं रबर घासून काढतात. खिळ्याची भोकं आणि चिरा कोरून साफ करून भरतात. त्यावर सोल्युशन, मग कच्च्या रबराचा पातळ थर आणि त्यावर आधीच नक्षी पाडलेला पट्टा गुंडाळतात. हे सगळं रबरी पिशवीत बंद करून दाबाखाली, साधारण १०० अंशांच्या वाफाऱ्यात काही तास शिजवतात. तेव्हा मधला कच्चा थर पक्का होतो आणि पट्टा केसिंगला एकजीव होतो.

यात चूक होते ती दोन ठिकाणी. पहिली, दुकानात. घासलेल्या टायरवर धूळ बसली, पावसाळ्यात ओल आली, कच्चं रबर मुदत संपलेलं वापरलं किंवा शिजवण्याचा वेळ कमी केला, तर पट्टा नीट चिकटत नाही. दुसरी चूक केसिंग निवडताना होते. जो टायर कमी हवेवर, जादा वजनावर आधीच शिजला आहे, ज्याच्या तारांना खिळ्याच्या भोकातून पाणी जाऊन गंज लागला आहे, त्याच्यावर कितीही चांगला पट्टा लावला तरी तो मेलेल्याला नवे कपडे घातल्यासारखा आहे. उलट वर जाड नवं रबर आलं की उष्णता बाहेर पडायला आणखी अवघड होते. म्हणून केसिंग नीट पाहिल्याशिवाय कितीही स्वस्तात चढवून मिळालं तरी ते महागच पडतं.

आता रस्त्याच्या कडेच्या पट्ट्याकडं परत येऊ. गाडीच्या लेनमध्ये नाही, सुरक्षित जागी पडलेला तुकडा कधी मिळाला तर त्याची आतली बाजू पाहावी. ती नुसती रबराची, सपाट असेल आणि कुठंही तार दिसत नसेल, तर पट्टा केसिंगवरून सुटला आहे. ती बहुधा रिमोल्डच्या चिकटण्यातली चूक. पण तुकड्यातून पोलादी तारा बाहेर आलेल्या असतील, तर टायरचा सांगाडाच आतून फाटला आहे. तिथं हवा, वजन किंवा जुनी जखम हे कारण असण्याची शक्यता जास्त. अशी साल नव्या टायरचीही निघते.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी महामार्गांवरून ट्रक टायरचे हजारभराहून जास्त तुकडे गोळा करून तपासले. २००८ मध्ये त्याचा अहवाल आला. तुकड्यांत रिमोल्डही होते आणि नवेही. फुटण्यामागं रस्त्यावरच्या वस्तूंची इजा आणि जास्त दबल्यानं आलेली उष्णता ही मोठी कारणं होती. रिमोल्ड आहे म्हणूनच टायर फुटतो, असं त्यातून निघालं नाही.

तरी एक पथ्य पाळायलाच हवं. मागच्या जोडीतला एक टायर गेला तर दुसरा गाडी सावरतो. पुढचा गेला तर स्टेअरिंगच एका बाजूला ओढलं जातं. म्हणून पुढं नवा आणि मागं रिमोल्ड ही या धंद्यातली जुनी रीत आहे. अमेरिकेत तर बसच्या पुढच्या चाकांना रिमोल्ड लावायला कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडं ट्रॅव्हल्समध्ये बसताना पुढच्या टायरकडं किती जण पाहतात, हा प्रश्नच आहे.

जुना रस्ता टायरला थांबवत होता

जुन्या रस्त्यानं मुंबईला जाताना गाव यायचं, गतिरोधक यायचा, रेल्वे फाटक यायचं, चहाची टपरी यायची. ड्रायव्हर वैतागायचा, पण टायरला निवायला वेळ मिळायचा. समृद्धीवर ट्रक एकदा चढला की पाय उचलायचं कारणच राहत नाही. सुरुवातीच्या काळात तर वाटेत थांबण्याच्या सोयीही फार कमी होत्या. मालगाडीला ताशी ८० चीच मर्यादा आहे. पण मोकळा रस्ता, रात्र, आणि सकाळी बाजार गाठायची घाई असली की काटा ८० वर थांबत नाही. जो टायर जुन्या रस्त्यावर वर्षभर तग धरून होता, तोच इथं चार तासांत हार मानतो. टायर तोच असतो, फक्त इथं त्याला मध्ये विसावा मिळत नाही.

समृद्धीवरचे अपघात वाढले तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागानं प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली. घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या गेल्या. ते योग्यच होतं. नियमानं मोठ्या गाडीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, आणि गुळगुळीत टायर पावसात ब्रेकला साथ देत नाही. पण नक्षी डोळ्यानं दिसते, म्हणून तपासणीही नक्षीपाशीच अडकते. आतल्या टायरची हवा आणि मागच्या अॅक्सलचं वजन डोळ्यानं दिसत नाही. नवी नक्षी, ९० पौंड हवा आणि दोन टन जादा माल असलेला ट्रक नक्षीच्या तपासणीत पास होईल, आणि टायर जायचा धोका तर त्यालाच जास्त आहे.

नायट्रोजनचंही असंच आहे. नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१९ मध्ये संसदेत टायर फुटणं थांबवण्यासाठी रबरात सिलिकॉन आणि टायरमध्ये नायट्रोजन वापरण्याचा विचार मांडला होता. नायट्रोजनचा फायदा आहे. तो कोरडा असतो आणि हळू गळतो, त्यामुळं हवा जास्त दिवस टिकते. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. ९० पौंड नायट्रोजन ९० पौंड हवेएवढाच कमी आहे.

सिंदखेडराजा : टायरच्या नावावर काय काय खपतं

टायरवर बोलताना १ जुलै २०२३ ची रात्र टाळता येत नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा गावाजवळ उलटली आणि पेटली. २५ जणांचा जळून मृत्यू झाला, आठ जण वाचले. चालकानं सांगितलं, टायर फुटला. सकाळपर्यंत सगळीकडं तीच बातमी होती.

नंतर अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही, असं आलं. घटनास्थळी रबराचे तुकडे नव्हते, तशा खुणाही नव्हत्या. बस आधी रस्त्याच्या बाजूच्या खांबाला आणि मग दुभाजकाला धडकली होती. चालकाला झोप लागली असावी, ही शक्यता पुढं आली.

फरक ओळखायचा कसा? टायर धावताना फुटला तर तुकडे धडकेच्या जागेच्या आधीपासून, मागच्या रस्त्यावर पसरलेले असतात. रिम रस्त्याला घासल्याचा ओरखडा दिसतो आणि गाडी एका बाजूला ओढली गेल्याच्या खुणा असतात. टायर धडकेनं फुटला तर सगळं धडकेच्या जागेनंतर सापडतं. पिंपळखुट्याला आधीच्या रस्त्यावर काही नव्हतं.

हे समजून घेणं का गरजेचं आहे? "टायर फुटला" म्हटलं की चालकाची झोप, मालकानं न दिलेला दुसरा ड्रायव्हर, गाडीचा वेग, सगळं त्याखाली झाकलं जातं. टायर बोलत नाही, म्हणून तो सोयीचा आरोपी ठरतो. आणि जिथं टायर खरंच फुटतो, तिथंही "फुटला" एवढ्यावर चौकशी संपते. हवा कुणी, कधी मोजली होती? मागच्या अॅक्सलवर किती वजन होतं? केसिंग कितव्यांदा चढवलं होतं? हे प्रश्न पंचनाम्यात आले तरच पुढचा टायर वाचेल.

निघण्याआधी काय पाहावं

ट्रकवाल्यानं पहाटे, गाडी हलवण्याआधी मीटरनं हवा मोजावी, आतल्या टायरचीही. हातोडीनं ठोकून अंदाज येतो, पण तो अंदाजच. १२० आणि ९५ पौंडांतला फरक ठोकून नक्की कळत नाही. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला वाढीव नळी लावून घेतली तर काम सोपं होतं, खर्चही मोठा नाही. टायरवरचा जोडीचा आकडा पाहून मागचं वजन ठरवावं. दीड-दोन तासांनी थांबून चाकांजवळ हात न्यावा. एकच टायर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला, तर त्यात हवा कमी आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक चिकटतो आहे. दोन्हीत पुढं जाऊ नये.

ट्रॅव्हल्सनं जाणाऱ्यानं पुढच्या दोन टायरकडं दोन मिनिटं पाहावं. कुठं फुगवटा, बाजूला चीर, खांद्यावर तार दिसते का? बाजूवर शेवटचे चार आकडे बनावटीचे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. डिकीत आणि टपावर पार्सलचा डोंगर चढत असेल, तर तो भारही याच टायरवर आहे. काही खटकलं तर फोटो काढून चालकाला दाखवावा आणि उत्तर मिळाल्यावरच बसावं.

गाडी चालवताना पुढचा टायर गेलाच, तर स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवायची, ब्रेकवर एकदम पाय मारायचा नाही, आणि वेग आपोआप उतरल्यावर हळूच कडेला घ्यायची.

यंदाचा उन्हाळाही तापेल, आणि काटोलच्या ट्रकवर शंभर क्रेट जास्त चढवायची गोष्टही निघेल. त्या वेळी मागच्या आतल्या टायरला मीटर लावायला पाच मिनिटं लागतात. टायर कुठं जाणार ते बहुतेक वेळा त्या पाच मिनिटांतच ठरतं.